अटक होण्याआधीचा जामीन

शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसात. हिंजवडीतून बस निघालेली, वीकेंडचा प्लॅन व्हॉट्सअॅपवर शिजतोय आणि गावाकडून काकांचा फोन येतो. "बांधावरनं भांडणं झाली काल. तिकडच्यांनी केस केलीय. तुझंबी नाव घातलंय." तुम्ही म्हणता, "अहो, मी तर इथं पुण्यात होतो!" काका म्हणतात, "ते आम्हाला ठावं हाय. पोलिसाला कोण सांगणार?"

गाव समजा सिरसाळा, परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. पोलीस ठाणं गावातच आहे. भांडण आणि माणसं मी कल्पनेतली घेतोय, पण अशी फिर्याद नवी नाही. मराठवाड्यात शेताच्या बांधावरून हाणामारी झाली की फिर्यादीत घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं येतात. मोठा भाऊ, धाकटा भाऊ, चुलतभाऊ आणि हो, पुण्यात नोकरीला असलेला पोरगाही. त्याचं नाव मुद्दाम घातलं जातं, कारण गमावण्यासारखं सगळ्यात जास्त त्याच्याकडेच असतं. सरकारी नोकरीत असेल तर आणखी वाईट. महाराष्ट्र नागरी सेवा नियमांनुसार ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी आपोआप निलंबित मानला जातो. मग गुन्हा खरा असो की खोटा.

अशा वेळी प्रत्येक जण एकच सल्ला देतो. "अटकपूर्व घेऊन टाक." जणू मेडिकलमधून क्रोसिन आणायची आहे! ही चीज नेमकी आहे काय, ते आधी बघू.

अटकपूर्व जामीन म्हणजे कोर्टाचा असा आदेश, की या माणसाला या गुन्ह्यात अटक करायची वेळ आली, तर अमुक रकमेचा जातमुचलका आणि जामीनदार घेऊन त्याला लगेच सोडा. बस्स, एवढंच. त्यानं गुन्हा रद्द होत नाही, तपास थांबत नाही आणि तुम्ही निर्दोष आहात असंही ठरत नाही. आपल्याकडे ही सोय १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३८ म्हणून आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिथं ते कलम ४८२ आहे. जुने वकील अजूनही "फोर थर्टी एट टाकू" म्हणतात. दचकू नका, तेच ते.

पहिलं काम वकील शोधण्याचं नाही, गुन्हा नेमका कुठल्या कलमांखाली दाखल झालाय ते बघण्याचं आहे. "केस केली" या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात. नुसता तक्रार अर्ज असू शकतो, अदखलपात्र नोंद म्हणजे एन.सी. असू शकते किंवा खरोखरचा एफआयआर असू शकतो. सुप्रीम कोर्टाच्या २०१६च्या आदेशामुळे एफआयआर साधारण २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकावा लागतो (लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील गुन्हे सोडून). म्हणजे महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून तुम्ही तो पुण्यात बसून वाचू शकता. वाचाच. भाषा रुक्ष असते, पण तुमचा पुढचा महिना त्या दोन पानांवर ठरणार आहे.

समजा त्यात फक्त साधी मारहाण, शिवीगाळ आणि धमकी आहे, म्हणजे भारतीय न्याय संहितेची कलमं ११५(२), ३५२ आणि ३५१(२). हे सगळे जामीनपात्र गुन्हे. इथं अटकपूर्व जामीन मिळणारच नाही, कारण त्याची गरजच नाही. अटक झालीच तरी ठाण्यातच जामीन मिळणं हा तुमचा हक्क आहे. कलम ४८२ फक्त अजामीनपात्र गुन्ह्यासाठी आहे.

आता खरी मेख ऐका. बांधाच्या भांडणात फिर्याद पहिल्या दिवशी एक असते आणि आठवड्यानं वेगळीच होते. जखमी माणूस अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जातो, एक्स-रे निघतो, हाड मोडल्याचं प्रमाणपत्र येतं. फिर्यादीत कुऱ्हाडीचा किंवा कोयत्याचा उल्लेख असेल, तर धोकादायक हत्यारानं गंभीर दुखापत म्हणून कलम ११८(२) वाढतं. मार डोक्याला असेल, तर खुनाचा प्रयत्न म्हणून १०९ सुद्धा लागू शकतं. दोन्ही अजामीनपात्र आणि दोन्हीत शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. कोर्टाच्या भाषेत याला 'वाढीव कलम' म्हणतात. त्यामुळे पहिला एफआयआर वाचून "किरकोळ आहे" म्हणत झोपी जाऊ नका. जखमीला कुठं लागलंय आणि कशानं लागलंय असं लिहिलंय, तेवढं बघा. पुढं काय येणार ते तिथं कळतं.

मधला एक प्रकारही आहे. गुन्हा अजामीनपात्र, पण शिक्षा सात वर्षांपर्यंतची. अशा गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी हजर राहण्याची नोटीस द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात पोलिसांना बजावलं. नव्या कायद्यात ही नोटीस कलम ३५(३) खाली येते. ती मिळाली तर घाबरायचं नाही, दिलेल्या तारखेला जायचं. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची, तर पोलिसांना कारण लिहून ठेवावं लागतं. नोटीस चुकवलीत, तर ते कारण तुम्हीच पुरवलंत.

आपल्या गोष्टीत मात्र ११८(२) लागलंय. फिर्याद म्हणते, गुरुवारी संध्याकाळी साडेसातला शेतात पाच जणांनी मारहाण केली आणि पुण्याच्या मुलाच्या हातात कुऱ्हाड होती. तो त्या वेळी हिंजवडीत होता, सिरसाळ्यापासून सहा-सात तासांच्या रस्त्यावर. मग अर्ज कुठं करायचा? राहतो पुण्यात म्हणून पुण्यात? नाही. गुन्हा जिथं दाखल झाला, तिथल्या सत्र न्यायालयात. सिरसाळ्याचा गुन्हा असेल, तर अंबाजोगाईला. तिथं नाही मिळाला, तर हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ, म्हणजे छत्रपती संभाजीनगर. कायदा थेट हायकोर्टात जायला मना करत नाही, पण आधी खाली जाऊन या, असाच रिवाज आहे.

आणि नोकरी दुसऱ्या राज्यात असेल तर? याचं चांगलं उदाहरण बीडचंच आहे, फक्त दिशा उलटी. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या 'टूलकिट' प्रकरणात दिल्ली पोलिसांनी बीडच्या एका तरुण इंजिनिअरवर अजामीनपात्र वॉरंट काढलं. गुन्हा दिल्लीत, घर बीडला. दिल्लीच्या कोर्टात अर्ज करायला निघायचं आणि वाटेतच अटक व्हायची, अशी ही पंचाईत. त्यानं औरंगाबाद खंडपीठाकडे धाव घेतली. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी खंडपीठानं त्याला १० दिवसांचा ट्रान्झिट जामीन दिला. गुन्ह्याच्या खरेखोटेपणावर निकाल नाही, फक्त योग्य कोर्टाच्या दारापर्यंत सुखरूप पोचण्याची मुभा. त्या दिवसांत त्यानं दिल्लीत अर्ज केला आणि तिथल्या कोर्टानं पुढं अंतरिम संरक्षण दिलं. दुसऱ्या राज्यातलं कोर्ट असं तात्पुरतं संरक्षण देऊ शकतं, यावर सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये शिक्कामोर्तब केलं. तेव्हा बंगलोरला असलेल्या सिरसाळ्याच्या मुलाला तिथल्या कोर्टात हा मार्ग आहे. मात्र इथं येऊन अर्ज करणं लगेच का शक्य नाही, ते त्याला पटवावं लागेल.

अर्ज दाखल झाला की काय होतं? इथं सगळ्यात जास्त लोक फसतात. नुसता अर्ज टाकल्यानं अटक थांबत नाही. "माझा अर्ज कोर्टात आहे" हे वाक्य दारात उभ्या असलेल्या पोलिसाला अडवत नाही. अडवतो तो कोर्टाचा अंतरिम आदेश. म्हणून वकील पहिल्याच दिवशी तो मागतात. दिला तर पुढच्या तारखेपर्यंत तुम्ही सुरक्षित. नाही दिला तर कोर्ट सरकारी वकिलांना नोटीस काढतं आणि तपास अधिकाऱ्याचा 'से' मागवतं. से म्हणजे पोलिसांचं लेखी म्हणणं. तो यायला काही दिवस जातात आणि ते दिवस मोकळे असतात, पोलिसांनाही.

या मोकळ्या दिवसांत लोक एक हमखास उद्योग करतात. फोन बंद करून मावशीकडे लातूरला जाऊन बसतात. यापेक्षा वाईट आयडिया नाही. से मध्ये पोलीस लिहितात, "आरोपी पसार आहे, मोबाईल बंद आहे." आणि कोर्टानं फरार घोषित केलेल्या माणसाला सहसा अटकपूर्व जामीन देऊ नये, असं सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच सांगून ठेवलंय. फोन चालू ठेवावा, राहता पत्ता अर्जात खरा द्यावा आणि बोलावल्यास तपासाला येईन असं लेखी कळवावं. घरी थांबायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या हिमतीचा प्रश्न, पण कागदावर गायब व्हायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. अर्जात "फिर्याद खोटी आहे" असं लिहिलं की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. कोर्टात रोज येणारा प्रत्येक अर्ज हेच म्हणतो! या टप्प्यावर कोर्ट फिर्यादीचा निकाल लावायला बसलेलंच नसतं. त्याच्यासमोरचा प्रश्न वेगळा असतो. या माणसाला कोठडीत घेऊन चौकशी करण्याची खरंच गरज आहे का? अक्कलकोटचे तेव्हाचे काँग्रेस नेते सिद्धाराम म्हेत्रे यांच्या प्रकरणात, म्हणजे २००९च्या निवडणूक प्रचारात झालेल्या खुनाच्या गुन्ह्यात, सुप्रीम कोर्टानं २ डिसेंबर २०१० रोजी अटकपूर्व जामीन दिला. त्या निकालात कोर्टानं काय काय बघायचं ते सविस्तर सांगितलंय. आरोपीची नेमकी भूमिका काय, आधीचे गुन्हे आहेत का, तो पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का आणि आरोप नुसता अपमान करायला केलाय का. निकालातला काही भाग पुढं २०२० मध्ये मोठ्या खंडपीठानं बदलला, पण कोर्ट हे मुद्दे आजही तपासतं.

आपल्या मुलाला त्यातला 'नेमकी भूमिका' हा मुद्दा वाचवू शकतो, पण कागदानिशी. ऑफिसच्या दाराशी कार्ड पंच झाल्याची नोंद, त्या वेळच्या मीटिंगची हजेरी, परतीच्या बसची नोंद, रात्री आठला एटीएममधून काढलेले पैसे. सीसीटीव्हीचं फुटेज बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. म्हणून फोन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी एचआरला ईमेल टाकून ते जपून ठेवायला सांगायचं. हो, लाज वाटते. तरी टाकायचं. कंपनीच्या लेटरहेडवर सहीशिक्क्याची हजेरी मिळाली तर उत्तम. इलेक्ट्रॉनिक नोंदींना खटल्याच्या वेळी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, तेही शक्य असेल तर आत्ताच घेऊन ठेवावं.

सरकारी वकील म्हणतील, तिथं नव्हतो हा बचाव खटल्यात सिद्ध करा, आत्ता नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे. पण साडेसातला हिंजवडीत कार्ड पंच करणाऱ्याकडून कुऱ्हाड कशी जप्त करणार, हा प्रश्न न्यायाधीशांच्या मनात उभा राहिला, तर कोठडीची गरज तिथंच पातळ होते.

कुऱ्हाडीवरून आठवलं. पोलिसांच्या से मध्ये एक वाक्य जवळपास ठरलेलं असतं. "गुन्ह्यात वापरलेलं हत्यार जप्त करणे बाकी आहे, सबब आरोपीची कोठडी आवश्यक आहे." यावर उत्तर आहे आणि ते १९८०चं आहे. गुरबक्षसिंग सिब्बिया प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठानं हा प्रश्न सोडवला. निकाल लिहिला होता सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी, आपल्या पुण्यात जन्मलेले. अटकपूर्व जामिनावर असलेला माणूस पोलिसांना काही काढून देत असेल, तर तेवढ्यापुरता तो पोलिसांच्या ताब्यात आहे असं मानता येतं आणि ती जप्ती पुराव्यात चालते. २०२० मध्ये सुशीला अग्रवाल प्रकरणातही पाच न्यायमूर्तींनी हेच सांगितलं. म्हणजे जप्ती बाकी आहे, एवढ्यावरून जामीन नाकारलाच पाहिजे असं नाही. पण भूमिका ठळक असेल, जखम गंभीर असेल, तर तोच मुद्दा अर्ज बुडवतोही.

म्हणूनच पाचही जणांचा एकच अर्ज करू नका. घरचे म्हणतील, "एकाच वकिलात होतंय की सगळं." होतं, पण ज्याच्या हातात खरंच काठी होती तो आणि ज्याच्या हातात त्या वेळी माऊस होता तो, एका अर्जात एकमेकांना चिकटतात. ज्याची भूमिका वेगळी, त्याचा अर्ज वेगळा. चुलत्यांचा रुसवा नंतर काढता येईल.

एका दाराला मात्र कुलूप आहे. फिर्यादीत अॅट्रॉसिटी कायद्याची कलमं असतील, तर त्याचं कलम १८ अटकपूर्व जामिनाची वाटच बंद करतं. सकृद्दर्शनी गुन्हाच बनत नसेल, तरच कोर्ट विचार करू शकतं. धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या एका प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानं दिलेला असा जामीन सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२५ रोजी रद्द केला. फिर्यादीत गुन्ह्याचे घटक दिसत असताना, या टप्प्यावर पुरावे चिवडून छोटा खटला चालवू नका, असं त्यात बजावलंय. ज्यांच्यावर खरंच अत्याचार होतो, त्यांच्यासाठी हे कुलूप आहे आणि ते का आहे हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको. पण खोट्यात अडकल्याचं म्हणणाऱ्यानं हा फरक आधीच जाणून घ्यावा. त्याची खरी लढाई मग नियमित जामिनाची किंवा हायकोर्टात गुन्हा रद्द करून घेण्याची असते.

समजा आदेश मिळाला. आता तो हातात घेऊन फ्रेम करायचा नाही, नीट वाचायचा. त्यात अटी असतात. दर रविवारी अकरा ते दोन सिरसाळा ठाण्यात हजेरी, फिर्यादी आणि साक्षीदारांशी संपर्क नाही, कधी कधी तालुक्यात पाऊलच ठेवायचं नाही. दर रविवारी पुणे-सिरसाळा म्हणजे शनिवारची रात्र एसटीत. झेपणार नसेल, तर अट बदलून मागायचा अर्ज करायचा, हजेरी बुडवायची नाही. तपास अधिकारी कागदोपत्री अटक दाखवून लगेच सोडतो, त्या वेळी जामीनदार लागतो. सातबारा किंवा पगाराची स्लिप असलेला, ऐनवेळी फोन उचलणारा नातेवाईक आधीच हेरून ठेवा.

सगळ्यात जास्त जामीन धोक्यात येतात ते व्हॉट्सअॅपमुळे. "मिटवून घ्या ना दादा" असा फिर्यादीच्या पुतण्याला पाठवलेला मेसेज तुम्हाला समजूतदारपणा वाटेल. स्क्रीनशॉट होऊन तो कोर्टात गेला, की त्याचं नाव साक्षीदारावर दबाव. मिटवायचं असेल तर वकिलांकरवीच.

हा आदेश किती दिवस चालतो? पूर्वी काही निकालांमुळे ठरावीक मुदतीचा जामीन देण्याची पद्धत होती. सुशीला अग्रवाल निकालानं ती मोडली. खास कारण नसेल तर तो खटला संपेपर्यंत चालतो. पण आदेश त्याच गुन्ह्यापुरता असतो, पुढच्या सगळ्या भांडणांचा पास नव्हे. आणि समजा आदेश ११८(२)वर मिळाला आणि महिन्यानं १०९ वाढलं, तर वकिलाला त्याच दिवशी फोन करायचा. सुप्रीम कोर्टाच्या २०१९च्या निकालानुसार, जामिनावर असलेल्याला वाढीव गंभीर कलमात अटक करायची तर पोलिसांना कोर्टाचा आदेश घ्यावा लागतो. तुम्हालाही त्या कलमासाठी पुन्हा जामीन मागावा लागतो.

राहिली ऑनसाइटची गोष्ट. कोर्टाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ नये, ही अट खुद्द कलम ४८२ मध्येच सुचवलेली आहे आणि ती बहुतेक आदेशांत येते. मॅनेजरनं जर्मनीचं तिकीट काढायच्या आत अंबाजोगाईला अर्ज गेला पाहिजे. प्रोजेक्टचं पत्र, जाण्यायेण्याच्या तारखा आणि तिथला पत्ता जोडून मागितलेली परवानगी कोर्टं देतातही. फक्त तारीख लागायला वेळ जातो, तेव्हा व्हिसाच्या आधी वकिलाला फोन.